चेष्टा की हिणवणं? घरातल्या टोमण्यांची पारख

आज आपण बोलणार आहोत ते घरातल्या थट्टेविषयी. नवरा रोज चेष्टा करतो, टोमणे मारतो, चारचौघांत फिरकी घेतो आणि वर म्हणतो, "अगं, गंमत केली, एवढं काय मनावर घेतेस?" अशा वेळी बाईला कळत नाही की आपलंच मन हळवं झालंय, की खरंच काही बिनसलंय. गटाच्या बैठकीत हा विषय कुणी मुद्दाम काढत नाही. पैशांचा हिशेब झाला, चहा झाला, की एखादी हळूच म्हणते, "आमचे हे मारत नाहीत हो, पण बोलून बोलून जीव नकोसा करतात." दुसरी म्हणते, "सगळेच पुरुष बोलतात गं." आणि विषय तिथंच मिटतो. तो तिथं मिटू नये, म्हणून आजचं हे बोलणं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. थट्टा वाईट नाही. आपलं सगळं जगणंच थट्टेनं भरलेलं आहे. लग्नात उखाणा घेताना आपण नवऱ्याची फिरकी घेतो. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची भरपूर टर उडवलेली असते. दीर-भावजयीची चेष्टा चालते, मेहुण्या दाजींचे जोडे लपवतात. ज्या घरात कुणी कुणाची चेष्टाच करत नाही, ते घर सुखी असतं असंही नाही. त्यामुळे नवरा थट्टा करतो का, हा प्रश्न बाजूला ठेवू. ती थट्टा कुठल्या जातीची आहे, एवढं पाहू.

एक साधी गोष्ट घेऊ. भाजी खारट झाली. आता नवरा चार तऱ्हांनी बोलू शकतो.

एक तऱ्हा: "आज मिठाच्या गोणीत हात गेला वाटतं!" असं म्हणून तो हसतो, तीही हसते, तो वर तांब्याभर पाणी पितो आणि जेवतो. ही चेष्टा.

दुसरी तऱ्हा: "भाजी खारट झालीय." ही तक्रार. ऐकायला गोड नाही, पण ती भाजीबद्दल आहे. उद्या मीठ कमी पडलं की तक्रार संपली.

तिसरी तऱ्हा: "तुझं कधी लक्षच नसतं कामात." इथं भाजी मागं पडली आणि बाई पुढं आली. "कधीच" हा शब्द आला. ही टीका झाली.

चौथी तऱ्हा: "वा! अन्नपूर्णाच आली आमच्या घरी. आईनं काय शिकवून पाठवलंय बघा, गुरंसुद्धा तोंड लावायची नाहीत." आणि हे बोलताना ओठाचा एक कोपरा वर गेलेला, डोळे पोरांकडं किंवा आलेल्या पाहुण्यांकडं वळलेले. शब्दांत कौतुक आहे, "वा" आहे, "अन्नपूर्णा" आहे, पण अर्थ उलटा आहे. याला आपण हिणवणं म्हणतो. यात भाजीवर राग नसतो. "तू माझ्यापेक्षा खालची आहेस" हे सांगणं असतं.

राग आणि हिणवणं यांतला हा फरक लक्षात ठेवा. रागावलेला माणूस म्हणतो, "तू हे चुकीचं केलंस." हिणवणारा म्हणतो, "तू आहेसच तसली." राग आला की जातो. हिणवण्याला मात्र कारण लागत नाही. आज भाजी असेल, उद्या बोलण्याची पद्धत, परवा माहेर.

या विषयावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलेलं आहे. अमेरिकेत सिअॅटल शहरात जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवरा-बायकोंना समोरासमोर बसवून, ज्या गोष्टीवरून त्यांचं पटत नाही त्यावर बोलायला सांगितलं. ते बोलणं त्यांनी कॅमेऱ्यात टिपलं, चेहऱ्यावरच्या बारीक बारीक खुणांचीही नोंद केली आणि पुढं काही वर्षांनी त्या जोडप्यांचं काय झालं ते पाहिलं. भांडण होणं ही मोठी धोक्याची खूण निघाली नाही. चांगल्या नांदणाऱ्या जोडप्यांतही भांडणं होतीच. संसार मोडण्याशी सर्वांत जास्त जोडलेली गोष्ट निघाली ती तुच्छता. म्हणजे टोचून बोलणं, नक्कल करून चिडवणं, डोळे फिरवणं, कुत्सित हसणं. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्यांचं बरं चाललेलं होतं, ती माणसं वाद घालतानाही एका कडू गोष्टीमागं साधारण पाच गोड गोष्टी करत होती. एखादा हुंकार, मान डोलावणं, "बरोबर आहे तुझं" म्हणणं, मधेच हसू येणं.

हे काम तिकडच्या जोडप्यांवर झालेलं आहे, हेही ध्यानात घेऊ. तिकडं पटलं नाही की लोक वेगळे होतात, म्हणून त्यांना घटस्फोट मोजता आला. आपल्याकडं बाई मोडक्या संसारातही राहते, कारण जायला जागा नसते, नावावर जमीन नसते, पोरं असतात. त्यामुळे आपल्याकडं "संसार टिकलाय ना, मग सगळं बरं आहे" असं म्हणून चालणार नाही. संसार टिकला का, यापेक्षा त्या संसारात बाई किती उरली, हे आपल्याला पाहावं लागेल.

मग घरच्या घरी पारख कशी करायची? आम्ही तीन गोष्टी पाहायला सांगतो.

पहिली गोष्ट: थट्टा दोन्हीकडून चालते का? तो तुमच्या पोळीला नकाशा म्हणाला, तर तुम्ही त्याच्या घोरण्याला ट्रॅक्टर म्हणू शकता का? आणि म्हटल्यावर तो हसतो का? की चेहरा पडतो, आवाज चढतो, दोन दिवस अबोला धरतो? जी थट्टा फक्त एकाच बाजूनं करायची मुभा आहे, ती दोघांची गंमत उरत नाही. तिथं एकाचा खेळ असतो आणि दुसरी त्या खेळातला चेंडू असते.

दुसरी गोष्ट: थट्टा लागते कुठं? चांगली चेष्टा करणारा माणूस दुखरी जागा ओळखतो आणि ती टाळतो. तो तुमच्या चहात साखर कमी आहे यावर बोलेल, पण तुम्हाला मूल नाही यावर बोलणार नाही. हिणवणारा नेमका तिथंच बोट ठेवतो. शिक्षण कमी, रंग सावळा, माहेरची गरिबी, हुंडा कमी आला, मुलीच झाल्या, मूल झालं नाही. जे बाईला बदलता येत नाही किंवा ज्याचं तिला आधीच वाईट वाटतं, तेच पुन्हा पुन्हा निघतं. त्यातही बघणारे असले की जोर वाढतो. पाहुणे आले, मित्र आले, सासू-नणंद बसल्या, की टोमणा येतो. कधी कधी तो थेट येतही नाही. लेकी बोले सुने लागे या चालीनं पोरीला म्हटलं जातं, "तू तरी शीक बाई, नाहीतर आईसारखी अंगठाबहाद्दर राहशील."

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: "मला लागलं" असं सांगितल्यावर काय होतं? पहिल्या दोन गोष्टींत गफलत होऊ शकते. काही माणसांना खरंच कळत नाही. घरात लहानपणापासून तसंच बोलणं ऐकलेलं असतं, बापानं आईला तसंच चिडवलेलं असतं, त्यांना तोच जिव्हाळा वाटतो. पण एकदा सांगितल्यावर कळत नव्हतं ही सबब संपते. ज्याला गंमत करायची होती, तो चपापतो. म्हणतो, "अरेच्चा, तुला एवढं लागलं? बरं, नाही बोलणार." पुढं एखादवेळ चुकतो, सवयीनं बोलून जातो, पण जीभ चावतो. ज्याला हिणवायचं होतं, तो म्हणतो, "तुला गंमतच कळत नाही," "तू जरा जास्तच करतेस," "बघा, आता रडायला लागली." म्हणजे टोमणा मारला तो वेगळाच, आणि तो लागला म्हणून दुसरा टोमणा. आणि पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट मुद्दाम पुन्हा येते, कारण दुखरी जागा आता त्याला नक्की कळलेली असते.

आता हे सगळं एका उदाहरणात पाहू. हे कुणा एकीचं नाही. अनेकींच्या बोलण्यातून आम्ही जुळवलेलं आहे, त्यामुळे कुणी गावात शोधायला जाऊ नका.

एक बाई, सातवी शिकलेली, बचत गटाची सचिव. गटात बारा जणी. तिनं गटाकडून वीस हजारांचं कर्ज घेऊन शेवयाचं यंत्र आणलं. सुरुवातीला नवरा म्हणायचा, "आल्या आमच्या मॅनेजरीणबाई!" तिलाही ते आवडायचं. ती म्हणायची, "हो, मग, करा सलाम." दोघं हसायचे. ही चेष्टाच होती.

पुढं शेवया विकून तिच्या हातात पैसे येऊ लागले. तेव्हा "मॅनेजरीणबाई" हा शब्द तोच राहिला, पण सूर बदलला. भावकीतले लोक बसलेले असताना तो म्हणायचा, "विचारा आमच्या मॅनेजरीणबाईंना, सातवी पास आहेत, कलेक्टरसुद्धा सल्ला घेतात." लोक हसायचे. ती चहाचे कप उचलून आत जायची. मग बैठकीला निघाली की, "चालल्या दिल्लीला." हिशेबाची वही उघडली की, "बघ गं, बेरीज तरी येते का." एकदा दहा वर्षांचा मुलगा गृहपाठात अडला. तिनं मदत करायला पाटी ओढली, तर तो म्हणाला, "तुला काय कळतंय, सातवी पास?" शब्द पोराचे, पण आवाज बापाचा.

तिनं गटातल्या एका जाणत्या मैत्रिणीला हे सांगितलं. मैत्रीण म्हणाली नाही की "सोड त्याला," आणि "सहन कर" असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "सात दिवस नुसतं मोज." कसं मोजायचं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात. दोघंही हसलो अशी थट्टा झाली तर एक टिंब. मला लागलं अशी झाली तर एक फुली. बाकी काही लिहायचं नाही. दुधाचा हिशेब मांडलाय असंच बघणाऱ्याला वाटेल.

सात दिवसांनी टिंबं निघाली चार आणि फुल्या एकोणीस. आकडा मोठा होताच, पण मैत्रिणीनं त्यापेक्षा वेगळं काही विचारलं. "फुल्या कुठल्या दिवशी जास्त आहेत?" बघितलं, तर सोमवारी गटाची बैठक होती, तेव्हा पाच. शुक्रवारी बाजारात शेवया विकून आली, तेव्हा सहा. ज्या दोन दिवशी ती घरात आणि शेतातच होती, त्या दिवशी एकेक. म्हणजे नवऱ्याचा स्वभावच चेष्टेखोर आहे, असं म्हणायला जागा राहिली नाही. स्वभाव असता तर तो रोज सारखा दिसला असता. इथं ती घराबाहेर पडली, चार पैसे आणले, की टोमणे वाढत होते. ते टोमणे तिला उंबऱ्याच्या आत ओढत होते.

मग मैत्रिणीनं आणखी एक विचारलं, "या वर्षात तू काय काय करायचं सोडलंस?" हा प्रश्न आम्ही प्रत्येकीला विचारायला सांगतो, कारण टोमण्याचा घाव अंगावर दिसत नाही, तो सोडून दिलेल्या गोष्टींत दिसतो. तिनं सांगितलं, की मागच्या दोन बैठकांना ती गेली नाही. सचिवपद दुसरीला द्यावं असं वाटायला लागलं. पाहुण्यांसमोर ती बोलत नाही. हिशेब बरोबर असला तरी तीनदा बेरीज करते. निळी साडी आवडायची, ती नेसत नाही, कारण "नीलपरी" म्हणून हसणं होतं. कुणी तिला हे करू नको असं सांगितलेलं नव्हतं. एकही बंदी न घालता तिचं एवढं सगळं सुटलेलं होतं.

यानंतर तिनं बोलायचं ठरवलं. बोलण्याची वेळ तिनं नीट निवडली. टोमणा आला त्या क्षणी बोललं तर भांडण होतं आणि बघणारे असतील तर त्याला माघार घेणं जड जातं. दारू पोटात असताना तर मुळीच बोलू नये. तिनं सकाळची वेळ धरली, दोघंच गोठ्यात असताना. ती म्हणाली, "अहो, एक बोलायचंय. परवा तात्यांसमोर तुम्ही मला सातवी पास म्हणून हसलात, ते मला लागलं. घरात काय ती चेष्टा करा, पण माझ्या शिक्षणावरून आणि चारचौघांत बोलू नका. पोरगं तेच शिकायला लागलंय."

या बोलण्यात काय आहे, ते बघा. एकच प्रसंग आहे, दिवस आणि माणसासकट. "तुम्ही नेहमीच" असं नाही. काय लागलं ते आहे, आणि पुढं नेमकं काय करू नका तेही आहे. शिव्या नाहीत, त्याच्या आईवर जाणं नाही, उलटा टोमणा नाही. उलटा टोमणा मारला की समोरचा म्हणतो, "तूही बोलतेसच की," आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

इथून पुढं दोन वाटा फुटतात. एका वाटेवर नवरा थोडा वेळ गप्प राहतो. म्हणतो, "मी आपलं गमतीनं म्हणत होतो." लगेच कबूल करणार नाही कदाचित, पुरुषाला अवघड जातं. पण पुढचे दोन-तीन आठवडे मोजले तर फुल्या कमी होतात, चारचौघांतल्या तर जवळपास बंद होतात. पोरगा आईला बोलला की बाप त्याला दटावतो. असं झालं तर ओळखा, की तिथं अक्कल कमी होती, पण माया होती. सवय एका दिवसात सुटत नाही, म्हणून थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

दुसऱ्या वाटेवर तो त्याच संध्याकाळी ओट्यावर मित्रांना सांगतो, "आमच्या बाईसाहेबांचा आता मान ठेवायचा बरं का, नाहीतर रडतील." फुल्या वाढतात. जोडीला दुसऱ्या गोष्टी येतात. शेवयांचे पैसे काढून घेणं, मोबाईल तपासणं, माहेरी जायला अडवणं, गटातल्या बायकांना नावं ठेवणं. असं दिसलं तर मात्र ती थट्टा नाही, हे स्वतःशी स्पष्ट म्हणा. बाईला ताब्यात ठेवण्याचं ते एक हत्यार आहे. तिथं आणखी गोड बोलून, आणखी चांगला स्वयंपाक करून काही बदलत नाही, कारण चूक स्वयंपाकात नव्हतीच.

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्या तर मोजत बसायचं नाही आणि एकटीनं समजवायलाही जायचं नाही. गमतीगमतीत गळ्याला हात लावणं. "एक दिवस विहिरीत ढकलीन" असं हसत हसत म्हणणं. चिमटे, टपल्या इतक्या जोरात मारणं, की वळ उठेल, आणि वर "नाजूक आहेस फार" म्हणणं. पोरांना काही करीन अशी गमतीची धमकी. पूर्वी एकदा जरी हात उचललेला असेल, तर टोमण्यांकडं त्याच नजरेनं पाहा. प्रत्येक हिणवणारा नवरा मारतोच असं नाही. पण जिथं मारहाण होते, तिथं बाईला आधी बोलून बोलून लहान केलेलं पुष्कळदा आढळतं. अशा घरात कॅलेंडरवर खुणा करू नका, त्या सापडल्या तर धोका आहे. नोंद मैत्रिणीच्या घरी ठेवा, फोन तिच्या मोबाईलवरून करा.

हे फक्त पुरुषच करतात का? नाही. "चार एकर असून दमडी हातात नाही, काय मर्द म्हणायचं" असं आपल्यातलीही एखादी नवऱ्याला चारचौघांत बोलते. पारख तीच लावायची. तो उलट चेष्टा करू शकतो का, कुठं लागतं, आणि लागलं म्हटल्यावर आपण थांबतो का. सासू सुनेला किंवा सून म्हाताऱ्या सासूला बोलत असेल, तिथंही हेच माप चालतं. फरक एवढाच, की ज्याच्या हातात घर, पैसा आणि जमीन आहे, त्याचा टोमणा जास्त खोल जातो, कारण समोरच्याला उठून जायला जागा नसते.

आता कायद्याचं. पुष्कळ जणींना वाटतं, मार लागला, रक्त आलं, तरच कायदा. तसं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात हिंसा म्हणजे काय हे सांगताना शारीरिक, लैंगिक, आर्थिक आणि शाब्दिक-भावनिक छळ असे प्रकार दिलेले आहेत. शाब्दिक छळात अपमान, टिंगल, पाणउतारा, नावं ठेवणं हे आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून टिंगल करणं तर मुद्दाम वेगळं नमूद केलेलं आहे. म्हणजे "मी फक्त बोललो, हात कुठं लावला" ही सबब कायद्यासमोर पुरी पडत नाही.

एखाद्या टोमण्यावरून कुणी कोर्टात जाणार नाही आणि जाऊही नये. पण रोजचं असेल, तर नोंद कामाला येते. तारीख, नेमके शब्द, समोर कोण होतं, एवढं पुरे. ही नोंद घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडं जायचं. ते कुठं बसतात, हे महिला व बाल विकास विभागाच्या कार्यालयात किंवा अंगणवाडीताईंकडून कळतं. ते सगळं ऐकून एक अहवाल तयार करतात, त्याला घरेलू घटना अहवाल म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जातो. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला असं वागणं थांबवण्याचा आदेश देऊ शकतात, बाईला घरातून काढू नये असा आदेश देऊ शकतात, खर्चाचे पैसे देववू शकतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी ज्या सामायिक घरात ती नांदत आली, तिथं राहण्याचा हक्क हा कायदा तिला देतो. या अर्जानं नवऱ्याला लगेच तुरुंगात टाकत नाहीत. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र तो गुन्हा होतो. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मनात धरूनच पाऊल टाकावं.

सगळ्यांनाच कोर्टाची पायरी चढायची नसते. त्याआधी बोलायला जागा आहेत. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष चालतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर 1984 साली असा पहिला कक्ष सुरू केला. तिथं समाजकार्यकर्त्या बसतात, बाईचं एकटीचं ऐकून घेतात आणि तिला हवं असेल तर नवऱ्यालाही बोलावतात. 181 हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. जीवाला धोका असेल तर 112. वकील लागला, तर बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

शेवटी गटाविषयी. हिणवलं जाणारी बाई पहिल्यांदा घरात सांगत नाही, गटात सांगते, तेही हसत हसत. तेव्हा आपण "सगळेच पुरुष बोलतात" असं म्हणालो, तर ती पुन्हा तोंड उघडत नाही. "सोडून दे त्याला" म्हणालो, तर ती घाबरते. त्यापेक्षा तिला विचारा, "तू सांगितलंस का, की लागलं म्हणून? मग काय झालं?" या दोन प्रश्नांत बहुतेक उत्तर मिळतं. ती दोन बैठकांना आली नाही, तर दंड लावण्याआधी दोघीजणी तिच्या घरी जाऊन या. नवऱ्याची कानउघाडणी करायला नको, नुसतं शेवयांची ऑर्डर सांगायला जा. तुम्ही येता, तिची चौकशी करता, हे त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आणि गावातल्या कुणी नवऱ्यानं चारचौघांत बायकोवर असा टोमणा मारला, तर हसू नका. भांडायची गरज नाही, फक्त हसू नका. ऐकणारे हसले नाहीत, की असल्या टोमण्याचा जोर तिथंच कमी होतो.